सिएटलचा गुरुवार, पुण्याचा शुक्रवार: परदेशातल्या उमेदवाराला मुलाखतीच्या वेळा सुचवताना

प्रश्न: मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरमध्ये आहे. सिएटलमधल्या एका उमेदवाराची तासाभराची तांत्रिक मुलाखत २८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर २०२६ या दरम्यान ठरवायची आहे. पॅनेलवर दोघं आहेत आणि दोघंही पुण्यातच असतात. त्याला वेळा कशा सुचवू, म्हणजे तारखेचा आणि वेळेचा घोळ होणार नाही? मागच्या हिवाळ्यात असाच एक उमेदवार बरोबर एक तास उशिरा जॉइन झाला होता. चूक कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

उत्तर:

बरोबर एक तास उशीर म्हणजे ९० टक्के अमेरिकेतला घड्याळबदल. अशा घोळात फरक किती पडला यावरून चूक कुठे झाली ते बऱ्यापैकी ओळखता येतं. उमेदवार अर्धा तास मागेपुढे झाला असेल, तर त्याने आपल्या साडेपाच तासांतला अर्धा तास सोडून दिलेला असतो. ‘पुणे म्हणजे बारा तास पुढे’ असं धरून तो एएमचं पीएम करतो आणि मोकळा होतो. बारा तासांचा फरक पडला तर एएम-पीएमची अदलाबदल झालेली असते. उमेदवार अख्खा दिवस चुकला, तर मेलमध्ये तारीख एकाच गावाची होती आणि ती कुठल्या गावाची हे लिहिलेलं नव्हतं. आणि एक तास म्हणजे घड्याळबदल. पुढच्या वेळी कुणी चुकलं, तर आधी किती चुकलं ते बघा. कुणाची चूक यावर वाद घालायची वेळ बहुतेक येणारच नाही.

आता तुमच्या तारखा. तुम्ही नेमका वर्षातला सगळ्यात अडचणीचा आठवडा निवडलाय, कारण १ नोव्हेंबर २०२६ च्या रविवारी पहाटे दोन वाजता सिएटलमधली घड्याळं एक तास मागे जातात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ असते. त्या काळात सिएटल यूटीसीच्या सात तास मागे असतं, एरवी आठ तास. आपण बारा महिने यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत पुणे सिएटलच्या साडेबारा तास पुढे आहे आणि १ नोव्हेंबरनंतर साडेतेरा तास. तुमच्या खिडकीतले पहिले काही दिवस एका हिशेबाचे आणि शेवटचे चार दिवस दुसऱ्या हिशेबाचे.

तोंडी हिशेब सोपा आहे. उन्हाळी वेळेत सिएटलच्या वेळेचं एएम-पीएम उलटं करायचं आणि अर्धा तास वाढवायचा: तिकडे संध्याकाळचे साडेसात, तर इकडे सकाळचे आठ. हिवाळ्यात एएम-पीएम उलटं करून दीड तास वाढवायचा: तिकडे संध्याकाळचे साडेसात, तर इकडे सकाळचे नऊ. फोनवर बोलताना याचा उपयोग होतो. मेल लिहिताना मात्र फक्त यावर विसंबू नका, कारण डोक्यात नेहमी आजचा फरक असतो आणि मुलाखत आज नसते.

एक तासाची चूक दोन वाटांनी होते. पहिली वाट हीच. समजा तुम्ही २२ ऑक्टोबरला मेल लिहायला बसलात. गुगलवर ‘सिएटलमध्ये आत्ता किती वाजले’ बघितलं, फरक साडेबारा तास दिसला. तोच फरक धरून तुम्ही ५ नोव्हेंबरच्या सकाळी नऊचं रूपांतर केलंत आणि उमेदवाराला लिहिलंत, ‘४ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेआठ’. पण त्या दिवशी फरक साडेतेराचा आहे. आपले सकाळचे नऊ म्हणजे त्याचे साडेसात. तो बिचारा लिहिल्याप्रमाणे साडेआठला जॉइन होणार, तेव्हा इकडे दहा वाजलेले. दोघांनीही आपापल्या परीने वेळ पाळली, तरी गाठ पडली नाही. मार्चमध्ये हीच चूक उलटी होते. हिवाळी फरक धरून उन्हाळी वेळेतली तारीख काढली, तर उमेदवार एक तास आधी येऊन रिकाम्या मीटिंगमध्ये बसतो. म्हणून नोव्हेंबरमध्ये कुणी उशिरा आलं आणि मार्चमध्ये कुणी लवकर आलं, तर आकडेमोड आपल्या बाजूने चुकली असं समजायला हरकत नाही.

दुसरी वाट आहे ‘पीएसटी’ची. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्याच्या वेळेला बाराही महिने पीएसटी म्हणायची सवय आहे. अमेरिकेतले लोकही सर्रास तसंच म्हणतात, म्हणून ते खपून जातं. पण पीएसटी ही फक्त हिवाळी वेळ. ऑक्टोबरमध्ये तिथे पीडीटी चालू असते. ‘२९ ऑक्टोबर, साडेसात पीएम पीएसटी’ हे काटेकोर माणसाने किंवा एखाद्या रूपांतराच्या वेबसाइटने अक्षरशः घेतलं, तर ते तिथल्या घड्याळाचे साडेआठ होतात. पुन्हा एक तास उशीर. तुमच्या मागच्या उमेदवाराच्या बाबतीत या दोनांपैकी काय झालं होतं, ते जुना मेल उघडलात तर पाच मिनिटांत कळेल. हिवाळ्यातली गोष्ट असल्यामुळे माझा कौल पहिल्या वाटेला.

पहिल्या चुकीचं मूळ बऱ्याच ऑफिसांत एका एक्सेल शीटमध्ये असतं. कुणीतरी कधीतरी बनवलेली, सगळे वापरतात ती शीट. तिच्यात हे असतं:

```
=A2-TIME(12,30,0)
```

ही शीट १ नोव्हेंबरपर्यंत अचूक चालते आणि नंतर गुपचूप चुकायला लागते. चुकीची खूण कुठेच दिसत नाही, कारण उत्तर अगदी रास्त दिसतं. याच सूत्राची दुसरी गंमत म्हणजे A2 मध्ये तारखेशिवाय नुसतं `8:00 AM` टाकलं, तर वजाबाकी शून्याखाली जाते आणि एक्सेल चौकटीत `########` दाखवतं. लोक वैतागून सूत्रात एक दिवस मिळवतात, पट्टी नाहीशी होते आणि आदल्या दिवसाचं भानही तिच्याबरोबर जातं. त्यामुळे A2 मध्ये तारीख आणि वेळ दोन्ही हवं. तासांचा फरक सूत्रात न लपवता शेजारच्या B स्तंभात डोळ्यांसमोर ठेवा, 12.5 किंवा 13.5:

```
=TEXT(A2-B2/24,"ddd dd mmm yyyy hh:mm AM/PM")
```

उत्तरात वार आला की अर्ध्या चुका तिथेच दिसतात. B मधला आकडा कुठून आणायचा? timeanddate.com वरच्या मीटिंग प्लॅनरमध्ये दोन्ही गावं आणि *मुलाखतीची* तारीख घाला. तो त्या तारखेचा फरक दाखवतो. नुसतं ‘सिएटलची वेळ’ शोधलं, तर आजचाच फरक मिळतो आणि आपण पुन्हा मूळ पदावर येतो.

आता कोणत्या वेळा सुचवायच्या. साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक म्हणजे दोन्हीकडचं ऑफिस एकाच वेळी कधीच उघडं नसतं. तुमच्या हातात दोनच पट्ट्या उरतात. एक, पुण्याची सकाळ आणि सिएटलची आदली संध्याकाळ. दोन, पुण्याची रात्र आणि सिएटलची त्याच तारखेची सकाळ. नोकरीत असलेल्या उमेदवाराला बहुधा पहिली पट्टी बरी पडते. ऑफिस सुटलेलं असतं, घरी पोचून जेवून तो निवांत बसू शकतो. सकाळच्या पट्टीत त्याला ऑफिसला निघण्याची घाई असते. पॅनेललाही सकाळी आठचा कॉल घरून घेता येतो, नऊनंतर हिंजवडीच्या रस्त्यावर लागलं तरी चालतं. रात्री आठचा कॉल मात्र जेवणाच्या आणि मुलांच्या वेळेवर येतो. तीन प्रश्नांनंतर परीक्षकाचं लक्ष उडालेलं असतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

पहिल्या पट्टीचा एकच तोटा, तारीख दोन्हीकडे वेगळी असते. त्यासाठी एक ओळ भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे. पुण्यात दुपारचे साडेबारा वाजेपर्यंत सिएटलमध्ये आदला दिवसच चालू असतो. १ नोव्हेंबरनंतर हीच वेळ दीड होते. यावरून वारही लगेच कळतात. पुण्याची मंगळवार ते शुक्रवारची सकाळ म्हणजे त्याची सोमवार ते गुरुवारची संध्याकाळ, आणि हे चार दिवस वापरायला चांगले. पुण्याची सोमवार सकाळ म्हणजे त्याची रविवार संध्याकाळ. काहींना ती आवडते, पण न विचारता सुचवू नये. त्याची शुक्रवार संध्याकाळ म्हणजे आपला शनिवार, तेव्हा ती बाद.

घड्याळबदलाने या पट्ट्यांचं गणितही बदलतं आणि याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ऑक्टोबरमध्ये पुण्याचे रात्रीचे आठ म्हणजे सिएटलचे सकाळचे साडेसात, ठीक आहे. नोव्हेंबरमध्ये तेच रात्रीचे आठ तिकडे पहाटेचे साडेसहा होतात. त्याला साडेसातला बसवायचं, तर पॅनेलला रात्री नऊला बसावं लागतं. उलट सकाळची पट्टी नोव्हेंबरमध्ये सुधारते. पॅनेलला आठऐवजी नऊला बसता येतं आणि त्याचे साडेसातच राहतात. म्हणून १ तारखेनंतर रात्रीच्या वेळा सुचवूच नका.

कॅलेंडरमध्ये आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. ३ नोव्हेंबरच्या मंगळवारी अमेरिकेत मध्यावधी निवडणुका आहेत आणि त्या संध्याकाळी निकाल येत असतात. उमेदवाराचं लक्ष टीव्हीकडे असेलच असं नाही, पण पर्याय असताना ती संध्याकाळ कशाला घ्या? दुसरं म्हणजे ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. पॅनेलमधलं कुणी गावी जाणार असेल, तर ते शुक्रवारी ६ तारखेलाच निघणार. म्हणजे ५ नोव्हेंबरची सकाळ तुमच्यासाठी खरोखर शेवटची आहे. ती हुकली तर पुढची गाठ दिवाळीनंतर.

आणि उमेदवार मराठी किंवा भारतातलाच असेल, तर सगळ्यांत आधी त्याला विचारा, ‘त्या आठवड्यात तू सिएटलमध्येच आहेस ना?’ दिवाळीला नागपूरला आईवडिलांकडे आलेल्या माणसाला सिएटलच्या वेळेने मेल पाठवणं याहून मोठा घोळ नाही. बायोडेटावरचा पत्ता आणि फोन नंबरच्या आधीचा +1 यावरून माणूस कुठे आहे ते कळत नाही. +1 वर तर पूर्व किनारा येतो, कॅनडा येतो आणि फिनिक्सही येतं. फिनिक्समध्ये घड्याळ बदलतच नाही. तेव्हा देश विचारू नका, गाव विचारा. आणि मुलाखतीच्या दिवशीचं गाव विचारा.

हे सगळं धरून मी पर्यायांची यादी अशी पाठवली असती:

```
A) Wed 28 Oct 2026, 7:00-8:00 AM Seattle, UTC-7
 = Wed 28 Oct 2026, 7:30-8:30 PM Pune, UTC+5:30

B) Thu 29 Oct 2026, 7:30-8:30 PM Seattle, UTC-7
 = Fri 30 Oct 2026, 8:00-9:00 AM Pune, UTC+5:30

C) Wed 4 Nov 2026, 7:30-8:30 PM Seattle, UTC-8
 = Thu 5 Nov 2026, 9:00-10:00 AM Pune, UTC+5:30
```

यातला प्रत्येक तुकडा एकेका घोळासाठी आहे. उमेदवाराची वेळ वर, कारण तो पहिली ओळ वाचून थांबणार. गावाचं नाव लिहिलं की पीएसटी की पीडीटी हा प्रश्नच उरत नाही, आणि ज्याला खात्री करायची आहे त्याच्यासाठी यूटीसीचा आकडा आहे. A आणि B मध्ये तो -7 आहे, C मध्ये -8. चिकित्सक उमेदवाराला यातूनच कळतं की घड्याळबदल तुम्ही धरलेला आहे. पुण्यासमोर मी आयएसटी लिहिलं नाही, हेही जाणूनबुजून. आयर्लंड आणि इस्रायललाही आपापलं आयएसटी आहे. सिएटलमधल्या माणसाला बहुधा फरक पडणार नाही, पण उद्या हाच साचा तुम्ही डब्लिनच्या उमेदवाराला पाठवाल. उन्हाळ्यात ‘साडेचार पीएम आयएसटी’ वाचून तो त्याच्या साडेचारला येईल, तेव्हा इकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतील.

महिना अक्षरांत लिहिणं याला पर्याय नाही. 05/11 म्हणजे आपल्याला ५ नोव्हेंबर, त्यांना ११ मे. मे महिना मुलाखतीच्या काळात नसल्यामुळे हे वाचलं की माणूस निदान थबकतो. खरा धोका असतो तो दोन्ही अर्थ पटतील अशा तारखांना. १० नोव्हेंबरची मुलाखत तुम्ही 10/11 अशी लिहिलीत, तर त्याला ती ११ ऑक्टोबर वाटते. मेल सप्टेंबरच्या अखेरीस गेला असेल, तर त्याला त्यात काहीच वावगं दिसणार नाही.

A ची वेळ साडेसात न ठेवता सात ठेवली, याचं कारण B. दोन्हीकडे साडेसात असते, एक सकाळचे आणि एक संध्याकाळचे, तर ‘साडेसात चालेल’ या उत्तराचा अर्थ लावत बसावं लागलं असतं. आणि बारा वाजताची वेळ, दुपारची असो की रात्रीची, कुठल्याही गावासाठी कधीच सुचवू नका. ‘गुरुवार १२ एएम’ म्हणजे गुरुवार सुरू होतानाची रात्र की संपतानाची, यावर आपल्याच ऑफिसात दोन मतं निघतात.

पर्यायांना अक्षरं दिलीत, तर मेलच्या शेवटी स्पष्ट लिहा की उत्तरात फक्त अक्षर कळवा. तरी एखादा लिहितोच, ‘Thursday works for me’. आता वरची यादी बघा. B हा त्याच्याकडे गुरुवार आहे, C हा आपल्याकडे गुरुवार आहे. तो त्याच्या गुरुवारबद्दल बोलतोय असं समजून B पक्कं करण्याचा मोह होतो. करू नका. काही उमेदवार सौजन्य म्हणून मुद्दाम पुण्याच्या वेळेने बोलतात, विशेषतः भारतातून गेलेले. ‘म्हणजे B, तुझ्याकडे गुरुवार २९ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसात, बरोबर?’ एवढा एक प्रश्न परत पाठवा. तो ‘हो’ म्हणाला की मगच कॅलेंडरचं निमंत्रण.

उत्तराची मुदतही द्या आणि तीही त्याच्या वेळेने. ‘सोमवार संध्याकाळपर्यंत कळवा’ असं लिहिलं, तर ती त्याची सोमवार संध्याकाळ असते. तेव्हा आपल्याकडे मंगळवार सकाळ उजाडलेली असते. A बुधवारी रात्रीची आहे, त्यामुळे तेवढा वेळ पुरतो. तोवर तिन्ही वेळा पॅनेलच्या कॅलेंडरवर तात्पुरत्या अडवून ठेवा, आणि एक पक्की झाली की उरलेल्या दोन त्याच दिवशी मोकळ्या करा. नाहीतर पुढच्या वेळी पॅनेल तुमच्या तात्पुरत्या नोंदीकडे ढुंकून बघणार नाही.

कॅलेंडरच्या निमंत्रणाबद्दल एक चांगली बातमी. ते नीट बनवलंत, तर घड्याळबदलाची काळजी तेच घेतं. पुण्याच्या वेळेने ५ नोव्हेंबर सकाळी नऊ टाकलं, की त्याच्या कॅलेंडरवर ४ नोव्हेंबर संध्याकाळी साडेसातच दिसणार. उमेदवाराच्या फोनचं आणि कॅलेंडरचं टाइम झोन बरोबर असलं म्हणजे झालं. पण आउटलुकमध्ये टाइम झोन निवडताना `(UTC-08:00) Pacific Time (US & Canada)` असं दिसतं आणि ते उन्हाळ्यातही तसंच दिसतं. ते फक्त नाव आहे, उन्हाळी वेळेचा हिशेब आउटलुक आतल्या आत बरोबर करतं. ते -08:00 बघून ऑक्टोबरच्या मुलाखतीची वेळ हाताने ‘दुरुस्त’ केलेली मी पाहिली आहे. आणि तो आकडा मेलमध्ये उतरवून घेऊ नका, ऑक्टोबरसाठी तो -7 आहे.

निमंत्रणाच्या शीर्षकात वेळ लिहू नका. ‘Technical interview 8 AM’ असं शीर्षक त्याच्या कॅलेंडरवर संध्याकाळी साडेसातच्या चौकटीत दिसतं, आणि माणूस दोन्हींकडे बघत राहतो. मुलाखत पुढे ढकलली, तर चौकट सरकते आणि शीर्षकातले आठ तिथेच राहतात. वेळ लिहायचीच असेल तर निमंत्रणाच्या मजकुरात, वरच्या दोन ओळींच्या साच्यात, आणि वेळ बदलली की मजकूरही बदलायचा. निमंत्रण त्याच्या वैयक्तिक ईमेलवरच पाठवा, हे सांगायला नको. ऑफिसच्या कॅलेंडरवर तुमच्या कंपनीचं नाव झळकलं, तर वेळेपेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

आठवणीच्या संदेशात ‘उद्या’ आणि ‘परवा’ हे शब्द वापरू नका. B ठरली असं धरा. बुधवारी २८ तारखेला संध्याकाळी सहाला तुम्ही लिहिता, ‘परवा भेटू’. तुमच्या दृष्टीने ते बरोबर आहे, शुक्रवार परवाच आहे. त्याच्याकडे तेव्हा बुधवारची पहाट आहे, साडेपाच वाजलेत, आणि मुलाखत त्याच्या ‘उद्या’ आहे. तो उठून वाचतो आणि शुक्रवारचा विचार करायला लागतो. तारीख, वार, गाव, वेळ असं पूर्णच लिहा, कितीही कोरडं वाटलं तरी.

पॅनेलमध्ये ऐनवेळी लंडनचं कुणी आलं, तर वरचं सगळं पुन्हा तपासा. युरोपातली आणि ब्रिटनमधली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, म्हणजे यंदा २५ तारखेला, अमेरिकेच्या आठवडाभर आधी. त्या मधल्या आठवड्यात लंडन आणि सिएटलमध्ये नेहमीच्या आठऐवजी सातच तासांचा फरक असतो, आणि तुमचे A आणि B दोन्ही त्याच आठवड्यात आहेत. लंडनच्या माणसासाठी B म्हणजे पहाटेचे अडीच, तेव्हा त्याला मुळात A वरच बोलवावं लागेल.

आणि इतकं करूनही मुलाखतीच्या दिवशी उमेदवार आला नाही, तर दहा मिनिटांनी ‘नो-शो’ची नोंद करायच्या आधी त्याच्या नावाचं निमंत्रण उघडा आणि त्याचे तिकडे किती वाजले असतील ते मोजा. मग फोन किंवा व्हॉट्सअॅप. त्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा, आणि पॅनेलकडे नाही तर तुमच्याकडे. B च्या वेळी तिकडे संध्याकाळचे साडेसात असतात, फोन करायला संकोच नको. पॅनेललाही आधीच सांगून ठेवा की नऊनंतरचा एक तास शक्यतो मोकळा ठेवा. तो एक तासाने चुकला असेल, तर नेमका त्याच वेळी जॉइन होईल आणि मुलाखत तेव्हाच उरकता येईल.